वॉशिंग मशीनच्या आवाजाबाबत शनिवारच्या भेटीपूर्वी कळवायची माहिती

नमस्कार,

शनिवारी सकाळी अकरा वाजता आपण कोथरूडच्या आमच्या घरी वॉशिंग मशीन पाहायला येणार असल्याचे सेवा केंद्राकडून समजले. तेथे ‘मशीन आवाज करते’ एवढीच तक्रार नोंदली गेली आहे. तेवढ्यावरून सोबत कोणते सामान घ्यावे हे ठरणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मशीन फ्रंट लोड, सात किलोचे, १२०० आरपीएमचे असून २०१८ साली घेतले आहे. मॉडेल आणि सिरीयल नंबर वाचता येईल असा स्टिकरचा फोटो सोबत आहे.

कपडे धुतले जात असताना आवाज जवळजवळ येत नाही. पाणी जाऊन स्पिन सुरू झाला की जाडसर घरघर सुरू होते, वेगाबरोबर ती चढत जाते आणि पूर्ण वेगात तर शेजारच्या खोलीतले बोलणेही ऐकू येत नाही. नाणे किंवा हुक अडकल्यावर होतो तसा खडखडाट मात्र नाही. पहिला व्हिडिओ रिकाम्या मशीनच्या स्पिनचा आहे, त्यामुळे कपडे एका बाजूला गोळा झाल्याचे कारण येथे लागू होत नाही. दुसऱ्यात प्लग काढून ड्रम हाताने फिरवला आहे. तेव्हाही आतून खरखर ऐकू येते. त्याच व्हिडिओच्या शेवटी ड्रमचा काठ धरून वर उचलला आहे. बाहेरचा टब आणि रबरी गॅस्केट जागच्या जागी राहतात, ड्रम तेवढा ‘टक्’ करून वर सरकतो. कृपया हा भाग आवर्जून पाहावा.

मागचे पत्र्याचे झाकण काढून घेतलेल्या फोटोत टबच्या मध्यभागापासून खाली तांबूस ओघळ दिसतात. सील झिजून बेअरिंगमध्ये पाणी गेले असावे, असा माझा अंदाज आहे. निदान अर्थातच आपण करावे. ड्रेन फिल्टर साफ केला, पाय समपातळीत असल्याचेही पाहिले, पण आवाजात फरक पडला नाही. पाणी वेळेत बाहेर जाते, जमिनीवर गळत नाही आणि स्क्रीनवर कोणताही एरर येत नाही.

बेअरिंग बदलायचे झाल्यास सीलही त्याच वेळी बदलावे. या मॉडेलचा टब उघडता येतो की जोड पक्का असल्याने अख्खा बदलावा लागतो, हे नंबरावरून आधीच पाहून ठेवता आले तर बरे होईल, कारण खर्चाचा सगळा फरक तेथेच पडतो. मशीन खोलण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज द्यावा. वॉरंटी कार्डावर मोटरची दहा वर्षे छापलेली आहेत, बेअरिंगचा त्यात उल्लेख नाही. त्यामुळे त्यावरून वाद घालण्याचा माझा विचार नाही.

मशीन मागच्या अरुंद बाल्कनीत आहे आणि ते बाहेर ओढायला दोन माणसे लागतील, तेव्हा सोबत मदतनीस आणावा. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. नळ आणि प्लग हाताशी आहेत. आवाज वाढल्यापासून मशीन वापरलेले नाही आणि आपण येईपर्यंत ते बंदच राहील.

कळावे.