घरभाडे कायदा (सुधारणा) मसुदा: काय बदलणार, काय तसेच राहणार

हा 14 कलमांचा मसुदा आहे, कायदा नव्हे. तो मंजूर होऊन राजपत्रात अधिसूचना निघेपर्यंत आजचेच नियम चालतील. मूळ कायदा रद्द होत नाही. त्यातल्या काही तरतुदी बदलतात, काही नव्याने येतात. खाली दिलेले कलम क्रमांक मसुद्यातले आहेत, मूळ कायद्यातले नव्हेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना इथेच गल्लत होते.

काय बदलणार

*अनामत (कलम 4).* आज अनामत किती घ्यायची याला मर्यादा नाही, करारात लिहिले तेवढी. मसुद्यानुसार राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येणार नाही. खरी मेख कलम 2 मधल्या व्याख्येत आहे: ‘कोणत्याही नावाने घेतलेली व परत करावयाची रक्कम’. म्हणजे फर्निचरसाठी वेगळे डिपॉझिट घेतले तरी ते याच दोन महिन्यांत मोजले जाईल. पण ‘परत करावयाची’ या शब्दांमुळे एक फट उरते. परत न मिळणारे ‘देखभाल शुल्क’ आगाऊ घेतले तर ते या व्याख्येत बसत नाही, आणि मसुद्यात इतरत्रही त्यावर बंधन नाही.

*अनामत परत करणे (कलम 5).* आज ‘वाजवी मुदतीत’ असे मोघम शब्द आहेत. आता 30 दिवस, तेही किल्ली दिल्याची लेखी पोच मिळाल्यापासून. पोच नसेल तर दिवस मोजायला कधीपासून सुरुवात करायची यावरच वाद होईल, म्हणून किल्ली देताना तारीख घालून सही घ्यावीच लागेल. कपात करायची तर घरमालकाने प्रत्येक बाबीची पावती जोडायची. साध्या वापराने झालेली झीज कापता येणार नाही: भिंतीचा रंग फिका पडला, नळाचा वायसर गेला, हे झीजेत मोडते. तडकलेले बेसिन झीजेत येत नाही. उशीर झाल्यास व्याज ‘द्यावे लागेल’, दंड मात्र ‘करता येईल’. पहिले बंधनकारक, दुसरे अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

*घरात प्रवेश (कलम 7).* घरमालकाला 24 तास आधी लेखी सूचना द्यावी लागेल. पाणी गळती, आग अशा तातडीत सूट आहे. मोबाइलवरचा संदेश ‘लेखी’ धरला जाईल, असे स्पष्टीकरण कलमाखाली आहे.

*तक्रार (कलम 9).* अनामतीचा वाद आता थेट न्यायालयात न जाता आधी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाईल. तक्रार करायची मुदत 60 दिवस, आणि ती कलम 5 मधली 30 दिवसांची मुदत संपल्यावर सुरू होते.

काय तसेच राहणार

भाड्याची रक्कम पूर्वीप्रमाणे दोघांच्या संमतीने ठरेल. ‘भाड्यावर मर्यादा येतेय’ ही चर्चा चुकीची आहे. मर्यादा फक्त अनामतीवर आहे. घर रिकामे करून घेण्याची कारणे आणि एक महिन्याची नोटीस बदललेली नाही, आणि तो वाद न्यायालयातच चालेल. मोठी दुरुस्ती घरमालकाकडे, किरकोळ भाडेकरूकडे, हेही कायम. पोटभाडेकरू ठेवायला लेखी परवानगी लागेलच. दुकाने आणि कार्यालये यांना कलम 4 ते 9 लागू नाहीत.

चालू करारांचे काय?

सर्वाधिक गैरसमज इथे होणार. कलम 12 नुसार अनामतीची मर्यादा जुन्या करारांना नूतनीकरणापर्यंत लागू होणार नाही. समजा पाच महिन्यांची अनामत आधीच दिली आहे, तर कायदा लागू झाल्या दिवशी तीन महिन्यांची परत मागता येणार नाही. कलम 5, 7 आणि 9 मात्र राहत्या घरांच्या सर्व करारांना पहिल्या दिवसापासून लागू होतील. करार संपूनही नवा कागद न करता भाडे देणे-घेणे चालू राहिले, तर ते ‘नूतनीकरण’ का? मसुदा यावर गप्प आहे.

अर्जाचा नमुना, फी, व्याजाचा दर आणि अधिकारी कोण, हे सगळे कलम 13 खाली नियमांवर सोडले आहे. नियम निघेपर्यंत कलम 9 कागदावरच राहील.

हरकत कशी लिहावी

हरकती आणि सूचना मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत लेखी द्यायच्या आहेत. ‘कायदा अन्यायकारक आहे’ एवढेच लिहिले तर नोंद होते, शब्द बदलत नाहीत. कलम, मसुद्यातले शब्द, हवे असलेले शब्द आणि एका ओळीत कारण द्या. उदाहरणार्थ:

‘कलम 2, अनामतीची व्याख्या. “कोणत्याही नावाने घेतलेली व परत करावयाची रक्कम” याऐवजी “भाड्याव्यतिरिक्त आगाऊ घेतलेली कोणतीही रक्कम” असे करावे. कारण: परत न मिळणारे शुल्क लावून कलम 4 ची मर्यादा टाळता येते.’