कोणती विहीर कोणाच्या भावकीतली? कऱ्हा खोऱ्यातील खडकांचे थर आणि गावांचा पाण्याचा ताळेबंद

संशोधनाचा सारांश

पुरंदर तालुक्यात कऱ्हेला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी दोन विहिरी जेमतेम 40 मीटर अंतरावर आहेत. गेल्या मार्चमध्ये एकीवर सहा तास पंप चालवला, तरी शेजारणीचे पाणी हलले नाही. ओढ्यापलीकडची, 300 मीटरवरची तिसरी विहीर मात्र चार बोटे उतरली, आणि ती दुसऱ्या गावच्या हद्दीत येते. पदव्युत्तर प्रबंधासाठी घेतलेल्या या नोंदीतूनच प्रस्तुत प्रश्न पुढे आला: कोणत्या विहिरी एकच पाणी पितात, हे कमी खर्चात आणि खात्रीने कसे ओळखायचे?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टवर वसलेला आहे. लाव्हा एकदाच आला नाही. थरावर थर साचत गेले. थराचा वरचा, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला आणि झिजलेला भाग पाणी धरतो. खालचा पाषाण घट्ट असतो, त्यात पाणी फक्त भेगांतून फिरते. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबडा, चिकणमातीसारखा पट्टा सापडतो. विहीर खोदणारे त्याला गेरू म्हणतात आणि बहुधा तो पाणी खाली जाऊ देत नाही. साठवणही तुटपुंजी असते: पाणी धरणाऱ्या घनमीटरभर खडकातून साधारण 20 लिटर पाणी मिळाले तरी पुष्कळ. हे थर चवडीसारखे सरळ पसरलेले असते तर काम सोपे होते. प्रत्यक्षात एखादा थर अर्ध्या किलोमीटरवर चिमटून संपतो, म्हणूनच शेजारच्या विहिरी परक्या आणि लांबच्या विहिरी सख्ख्या निघतात.

या गोष्टीला आज व्यावहारिक महत्त्व आले आहे. अटल भूजल योजनेमुळे ग्रामपंचायती दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडू लागल्या: पाऊस किती, मुरले किती, पिकांना किती. हा चांगला पायंडा आहे, पण त्याची सीमा महसुली गावाची असते, खडकाची नव्हे. एका गावाने उन्हाळी पीक सोडून वाचवलेले पाणी शेजारच्या गावाचे प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे भरण्यात संपू शकते. मीठा बहार धरणाऱ्या अंजीर बागायतदाराला मार्च ते मे हेच महिने कठीण जातात, आणि भांडणेही तेव्हाच होतात.

निवडलेल्या पाणलोटात तीन गावांच्या 64 विहिरी आहेत. पहिले काम साधे, पण वेळखाऊ आहे: प्रत्येक विहिरीत दोर सोडून गेरूचा पट्टा किती खोलीवर दिसतो ते मोजणे आणि काठाची उंची धरून त्याचा नकाशा करणे. गेरू दिसला की आपण कोणत्या थरात आहोत ते कळते. त्यानंतर दर पंधरवड्याला पाण्याची पातळी आणि विद्राव्य क्षारांचे प्रमाण मोजले जाईल. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षणे वर्षातून चार वेळा होतात; जिल्ह्याचे चित्र त्यातून मिळते, पण दोन विहिरींमधले नाते दिसायला ती विरळ पडतात. शेवटी निवडक 12 विहिरींवर उपसा चाचणी होईल: एक चालवायची, बाकीच्या पाहायच्या. ज्या विहिरी एकाच थरात आहेत, एकत्र उतरतात आणि ज्यांचे क्षारही जुळतात, त्या एका गटातल्या. तिन्ही पुरावे जुळले नाहीत तर ती विहीर अनिश्चित म्हणूनच नोंदवली जाईल.

अडचणी दोन. शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते, त्यामुळे चाचण्यांचे वेळापत्रक महावितरणच्या हाती. यासाठी भाड्याच्या डिझेल पंपाची तरतूद अंदाजपत्रकात आहे. दुसरी अडचण आडव्या बोअरची. अनेक विहिरींच्या तळाशी चहूबाजूंनी ते मारलेले असतात आणि मालक त्यांविषयी मोकळेपणाने बोलत नाहीत. प्रबंधाच्या काळात जोडलेल्या ओळखींमुळे 51 मालकांनी माहिती द्यायला होकार दिला आहे. खोल बोअरवेलचे पाणी या अभ्यासात येत नाही. त्यासाठी लागणारी साधने आणि वेळ या फेलोशिपच्या आवाक्याबाहेर आहेत.

24 महिन्यांपैकी पहिले चार विहिरींच्या नोंदीसाठी आणि अखेरचे तीन लेखनासाठी आहेत. शोधनिबंधाखेरीज, तिन्ही गावांच्या संयुक्त ग्रामसभेत विहिरींच्या गटांचा भिंतीवर लावता येईल एवढा रंगीत नकाशा मांडला जाईल. त्यावर गावांच्या सीमा फिकट रेषेने आणि खडकाच्या सीमा ठळक रेषेने दाखवायचे ठरवले आहे.