मृण्मयीच्या लग्नाला यायचं हं!

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

सप्रेम नमस्कार,

पहिली पत्रिका कुलदेवतेपुढे ठेवली, दुसरी प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या पायांशी ठेवून आलो, आणि घरी येऊन लगेच तुम्हाला लिहायला बसलो आहोत.

आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. मृण्मयी हिचा शुभविवाह ठाण्याचे सौ. मेधा व श्री. विलास राणे यांचे चिरंजीव चि. ओंकार यांच्याशी रविवार, दि. २९ नोव्हेंबर २०२६ रोजी सकाळी ११ वाजून ३७ मिनिटांच्या मुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. स्थळ : वनिता समाज सभागृह, शिवाजी पार्क, दादर (पश्चिम).

प्रत्येकाच्या घरी येऊन, हळदकुंकू लावून अक्षत द्यायची आमची फार इच्छा होती. सगळीकडे पोचणं जमत नाही, म्हणून हा निरोपच घरी येऊन दिलेलं आमंत्रण समजावं. रागावू नका.

मृण्मयी आम्ही दोघांनीच वाढवली असं आम्हाला कधीच वाटलं नाही. चिपळूणच्या आत्यांनी तिला वाशिष्ठीत पोहायला शिकवलं. कणकवलीला मामाकडे तिचे सगळे मे महिने गेले. आणि २६ जुलै २००५ची ती रात्र! सुहास फोर्टात बँकेत अडकलेला, अनघा कुर्ल्याच्या शाळेत ज्यांना न्यायला कुणी येऊ शकलं नव्हतं त्या मुलांना धरून बसलेली, फोन बंद, लोकल बंद, आणि सात वर्षांची पोर सायनच्या शाळेत. बँकेतले आमचे शिंदेकाका त्या दिवशी रजेवर होते आणि शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहत होते. कुणी सांगितलं नव्हतं. ते आपणहून पाण्यातून गेले आणि तिला खांद्यावर बसवून आपल्या घरी घेऊन आले. दोन रात्री ती काकूंच्या कुशीत झोपली. आम्ही पोचलो तेव्हा ताटात गरम वरणभात होता आणि ती आम्हाला म्हणाली, “एवढ्यात आलात?” शिंदेकाका, काकू, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं आहे. तिनेच सांगितलंय.

म्हणून एक आग्रहाची विनंती. फक्त जेवणापुरते येऊ नका. साडेदहापर्यंत या. ती गौरीहर पुजायला बसलेली असेल तेव्हा तिला भेटा, मामा तिला हाताला धरून बोहल्यावर आणतील तेव्हा समोर असा, आणि अंतरपाट दूर होताना अक्षता तुमच्या हातून पडू द्या. अक्षतांसाठी तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या ठेवल्या आहेत, अन्न पायदळी यायला नको.

जेवण पंगतीचं, केळीच्या पानावर. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा. पहिली पंगत साडेबाराला बसेल. पंगतीचा अंदाज यावा म्हणून किती जण येणार ते १५ नोव्हेंबरपर्यंत याच क्रमांकावर कळवलंत तर फार बरं होईल. लेकी-सुना, नातवंडं सगळ्यांना घेऊन या. घरातल्या वयस्क मंडळींना आणायला गाडी हवी असेल तर नि:संकोच सांगा, आमचा भाचा येईल.

रविवार आहे, तेव्हा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी बघून थोडं लवकर निघा. दादर स्टेशनवरून पश्चिमेला उतरलात की टॅक्सी मिळते. भुयारी मेट्रोने येणाऱ्यांनीही दादरलाच उतरावं. शिवाजी पार्कला गाडी लावायला जागा मिळणं अवघड, शक्यतो गाडी आणू नये. गावाहून तुतारीने येणाऱ्यांची राहण्याची सोय आम्ही दादरलाच केली आहे. डबा आणि बर्थ तेवढा कळवा, सकाळी स्टेशनवर न्यायला माणूस येईल.

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पाचला, घरी हळद आहे. सख्खी-चुलत मंडळी, शेजारी आणि अनघाच्या शाळेतल्या सगळ्या बाईंनी यायचंच. रुखवताचा बराचसा भाग त्यांनीच केला आहे, तो मांडायलाही त्यांचेच हात हवेत.

कृपया आहेर आणू नये. मात्र एक मागणं आहे. कुर्ल्याचं आमचं घर तळमजल्याचं होतं, २००५च्या पाण्यात सगळे अल्बम गेले. मृण्मयीचं बारसं, पहिला वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस, यातला एकही फोटो आमच्याकडे उरला नाही. तुमच्या कपाटात, जुन्या अल्बमात तिचा एखादा फोटो असेल, कोपऱ्यात उभी असली तरी चालेल, तर तो घेऊन या. सभागृहाच्या दाराशीच त्याची प्रत काढून घेऊ आणि मूळ फोटो तुम्हाला लगेच परत देऊ.

वाट बघतो आहोत.

आपले स्नेहांकित,
सौ. अनघा व श्री. सुहास परब

“आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं!”
– अथर्व