पडताळणीयोग्य विधानांची यादी: लातूर जिल्ह्यातील प्रचारसभा, १० नोव्हेंबर २०२४

भाषण अपक्ष उमेदवाराचं, ४१ मिनिटांचं. विधानं बोलल्या क्रमाने घेतली आहेत, कंसात ध्वनिफितीतली वेळ. खरं की खोटं याचा शेरा कुठेही नाही. तो रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही, कारण तो दिसला की यादी करतानाच हात आखडतो.

१. (३:१०) "मागच्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,६०० होता, यंदा ४,८९२ आहे." आकडे दोन, म्हणून विधानं दोन. केंद्राच्या हमीभावाच्या घोषणांशी ताडावीत.

२. (३:३२) "पण आपल्या अडतीवर एकाही शेतकऱ्याला चार हजारांच्या वर भाव मिळाला नाही." यातलं "एकाही" गाळू नका. "बहुतेकांना" असं लिहिलं तर ते वेगळंच विधान होतं, आणि ते उमेदवाराने केलेलं नाही. "आपली अडत" म्हणजे कोणती बाजार समिती आणि कोणते दिवस, हे भाषणात नाही. ते आधी उमेदवाराच्या कार्यालयाला विचारावं, मग आवकेच्या नोंदी आणि काटापट्ट्या मागाव्यात.

३. (९:४५) "२०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं."

४. (९:५१) "तेव्हापासून आजपर्यंत लातूर शहरात रोज नळ आलेला नाही." वाक्य वरच्याला जोडूनच आहे, पण एक खरं ठरलं म्हणून दुसरं आपोआप ठरत नाही. वेगळं तपासावं.

५. (१४:२०) "किल्लारीच्या भूकंपाला एकतीस वर्षं झाली, बावन्न गावं नव्या जागी वसली, तरी निम्म्या घरांचे कबाले लोकांच्या नावावर नाहीत." तीन विधानं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांची घरं आहेत त्यांच्यासाठी तो केवळ आकडा नाही.

६. (२२:०५) "कोच कारखान्यात आपली पोरं किती? शंभरात दहासुद्धा नाहीत." पहिला भाग प्रश्न, तो सोडला. दुसरा घेतला. "आपली" म्हणजे जिल्ह्यातली की मराठवाड्यातली, हे स्पष्ट नाही.

७. (३०:४०) "माझ्यावर एकही गुन्हा नाही." नमुना २६ मधलं शपथपत्र बघावं. शब्द "गुन्हा" आहे, "शिक्षा" नाही.

यादीत घेतलं नाही: "सहा महिन्यांत घरोघरी पाणी देईन" (आश्वासन), "शेतकऱ्याच्या घामाला किंमत उरली नाही" (मत). "टक्केवारीशिवाय बिल निघत नाही, कुणालाही विचारा" हा गंभीर आरोप आहे, पण त्यात कार्यालय नाही, बिल नाही, तारीख नाही. उमेदवाराने तपशील दिला तर घेऊ.

एक जागा अडली आहे. २७:१२ला टाळ्यांत आकडा बुडतो: "गावात साठ टँकर" की "सात टँकर"? उताऱ्यात "साठ" टंकलं आहे. मी चार वेळा ऐकलं, मला ठरवता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी उतारा न बघता ऐकावं, तोवर ते विधान बाहेर.