कच्च्या केळीचा ग्रेडिंग करून दर आठवड्याला पुरवठा : आमच्या शेतकरी गटाचा प्रस्ताव

प्रति,
खरेदी प्रमुख साहेब,
केळी वेफर्स व पल्प युनिट, जळगाव एमआयडीसी

नमस्कार साहेब,

मागच्या पंधरवड्यात फोनवर बोलणं झालं तेव्हा तुम्ही म्हणाला होता की सगळं एकदा लिहून पाठवा, म्हणजे प्रॉडक्शनवाल्यांसमोर आणि अकाउंटवाल्यांसमोर ठेवता येईल. म्हणून हे सविस्तर लिहितोय. थोडं लांबलंय पण वाचा, कारण भावापेक्षा बाकीच्याच गोष्टींवर गाडी अडते हे आम्हाला माहीत आहे.

आमचा गट यावल आणि रावेर तालुक्यातला, फैजपूर-सावदा-चिनावल हा सगळा पट्टा. 142 सभासद, मिळून 380 एकर केळी, जवळजवळ सगळी टिश्यूची जी-9 आणि सगळी ड्रिपवर. यात मृगबाग 230 एकर, कांदेबाग 100 एकर आणि पिलबाग 50 एकर. हे मुद्दाम वेगवेगळं सांगतोय कारण वर्षभर माल देऊ असं कोणीही म्हणतं, पण ज्याच्याकडे नुसती मृगबाग आहे त्याचा माल पावसाळ्यात एकदम येतो आणि नंतर तो फोन उचलत नाही. आमच्याकडे मृगाचा माल संपत आला की कांदेबाग सुरू होते आणि मधल्या फटीत पिलबाग कामाला येते.

जळगावच्या केळीला 2016 साली जीआय मानांकन मिळालं, आणि 2021 मध्ये तांदलवाडीहून जीआयचा 22 टनांचा माल दुबईला गेला. तेव्हापासून आमच्या भागात एक्स्पोर्टचं वारं आहे आणि चांगल्या बागेचा माल तिकडे जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कंटेनरला सालीवर डाग चालत नाही. पानाच्या घासणीचा ओरखडा असला, फणीत दोन केळी वाकडी असली, लांबी अर्धा इंच कमी पडली की तो माल बाजूला पडतो. आतला गर मात्र तोच, त्याच झाडाचा, तेवढ्याच खतपाण्याचा. तुमच्याकडे साल तर निघूनच जाते साहेब. हा बाजूला पडलेला माल आज लोकल व्यापारी पडेल भावात उचलतो, आणि पुढे तो कोणाच्या बागेतला, किती दिवसांचा हे कोणालाच सांगता येत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की हा माल आम्ही निवडून, मोजून, किती दिवसांचा आहे ते लिहून थेट तुम्हाला देतो.

दिवसांवर एवढा जोर का देतोय ते तुमच्या तळणीवाल्या माणसाला लगेच कळेल. केळी पिकायला लागली की स्टार्चची साखर होते आणि तीच चकती कढईत लाल पडते. एकाच क्रेटमध्ये एक केळ कोवळं, एक तयार आणि एक रंग बदलायला लागलेलं असलं की तेलाचं टेंपरेचर कितीही सांभाळा, वेफर एकसारखा निघत नाही. भाव करून घेता येतो, पण एका वयाचा माल बाजारातून गोळा करता येत नाही, तो बागेतूनच यावा लागतो.

त्यासाठी आम्ही काय करतो ते सांगतो. बाग निसवायला लागली की दर आठवड्याला निसवलेल्या घडाला एका रंगाची रिबीन बांधतो. या आठवड्याची लाल, पुढच्याची निळी, नंतर पिवळी, असे आठ रंग फिरतात. गटाच्या वहीत शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, रंग आणि त्या रंगाचे घड किती हे चढतं. उन्हाळ्यात साधारण 90 दिवसांनी आणि थंडीत 110 किंवा त्याहून जास्त दिवसांनी तो रंग कापायला येतो. कापायच्या दोन दिवस आधी आमचा पोरगा बागेत जातो, मधल्या फणीतलं एक केळ काढतो, कॅलिपरने जाडी बघतो, आडवं कापून धार किती राहिली आणि गर कसा दिसतो ते बघतो आणि फोटो ग्रुपवर टाकतो. धार पूर्ण गेली म्हणजे केळ गोल झालं, ते वेफरला उशिराचं. तुम्हाला 75 ते 80 टक्के तयार माल लागतो, आम्ही त्याच हिशोबाने कापू. आणि मुख्य फायदा असा की वहीत रिबिनी बघून पुढच्या सहा आठवड्यांत किती माल निघणार हे आधी सांगता येतं, दर सोमवारी तो अंदाज तुम्हाला व्हॉट्सअपवर येईल.

ग्रेड तीन करू. एक नंबर म्हणजे लांबी 18 सेंटीमीटरच्या वर, जाडी 36 मिलिमीटरच्या वर, सरळ केळ, हे तुमच्या लांब वेफरला. दोन नंबर 14 ते 18 सेंटीमीटर, जाडी 32 च्या वर, गोल वेफरला. तीन नंबर म्हणजे सुटी झालेली, वाकडी, लहान-मोठी पण निरोगी केळी, ही पल्प आणि पावडरला. सडका, चिरलेला, उन्हाने भाजलेला किंवा पिवळट माल कुठल्याच ग्रेडमध्ये नाही, तो आम्ही शेतातच काढून टाकू. तीन नंबर पिकवायचं काम तुमच्या चेंबरमध्ये होईल, आमच्याकडून कच्चाच येईल, आणि गटात कार्बाइडला कोणी हात लावत नाही हे लेखी देतो.

घड जमिनीवर टेकत नाही, कापला की खांद्यावरच्या गादीवरून थेट बांधावर केळीच्या पानांवर. तिथेच फण्या करायच्या, तुरटीच्या पाण्यात टाकून चीक काढायचा, निथळला की 18 किलोच्या क्रेटमध्ये. दांडा शेतातच राहतो, म्हणजे दांड्याच्या कट्टीवरून रोज जो वाद होतो तो विषयच राहत नाही. क्रेटवर चिठ्ठी : शेतकरी कोड, रिबिनीचा रंग, कापल्याची तारीख, ग्रेड.

आता किती देऊ ते. 380 एकरांतून एकरी 28 टन धरले तर साधारण साडेदहा हजार टन माल निघतो, त्यातला चौथा हिस्सा प्रोसेसिंगचा म्हणजे 2,600 टनांच्या आसपास. तरी आम्ही बांधून देतोय फक्त 1,100 टन. जून ते जानेवारी आठवड्याला 24 टन, म्हणजे आठ टनांच्या तीन गाड्या, मंगळवार, गुरुवार, शनिवार. फेब्रुवारी ते मे आठवड्याला 15 टन. एकूण आकडा कमी का धरला, तर मे-जूनचं वादळ. सातपुड्याकडून वारं सुटलं की अर्ध्या तासात उभी बाग आडवी होते, हे तुम्ही पण बघितलंय. कागदावर मोठा आकडा लिहून ऐन सीझनला हात वर करणं आम्हाला जमणार नाही. वादळ झालंच तर 24 तासांत पंचनाम्याचे फोटो आणि सुधारित आकडा पाठवू, आणि शाबूत बागांतून आधी तुमची गाडी भरू. पडलेला कोवळा माल वेफरच्या क्रेटमध्ये ढकलणार नाही, तो पावडरला चालत असेल तर वेगळा विचारून वेगळ्या भावाने देऊ.

भावाचं असं ठरवू या : रावेरच्या बोर्ड भावाची मागच्या सात दिवसांची सरासरी हा एक नंबरचा भाव, दोन नंबर त्यापेक्षा 15 टक्के कमी, तीन नंबर 40 टक्के कमी. पण एक नंबरला खाली 1,100 रुपये क्विंटलची हमी आणि वर 1,900 ची मर्यादा. बाजार सहाशेला पडला तरी तुम्ही 1,100 द्यायचे, आणि अडीच हजाराला गेला तरी आम्ही 1,900 नेच द्यायचं. भाव चढल्यावर शेतकरी पळेल अशी शंका तुम्हाला येणारच, कोणालाही येईल. त्याची सोय आम्ही करून ठेवलीय. प्रत्येक सभासदाने आपला हिस्सा लिहून सही केलेला ठराव आहे, आणि दर क्विंटलमागे 50 रुपये गटाच्या खात्यात राहतात, वर्षभर ठरलेला माल दिला तर ते बोनससह परत, बाहेर विकला तर जप्त. हमीभाव असला की शेतकरी थांबतो साहेब. मागे एका मोठ्या खरेदीदाराने मंदीत अचानक गाड्या बंद केल्या आणि घड झाडावर पिकले, त्यामुळे आमची माणसं खालच्या हमीबद्दलच आधी विचारतात.

वजन भरताना आमच्या इथल्या काट्यावर आणि उतरताना तुमच्या काट्यावर, फरक एक टक्क्याच्या आत असेल तर तुमचं वजन धरायचं. माल उतरल्यापासून चार तासांत तपासणी व्हावी, दर शंभर क्रेटमागे कुठलेही पाच क्रेट उघडा. चार टक्क्यांपर्यंत खराब निघाला तर तेवढंच वजन कापा, चार ते दहा टक्के असेल तर पूर्ण गाडी एक ग्रेड खाली धरा, दहाच्या वर गेलं तर आमच्या माणसाला व्हिडिओ कॉल करा आणि मग ठरवू. फक्त संध्याकाळी फोन करून 'माल बरोबर नव्हता' असं नको. कोणत्या चिठ्ठीचे क्रेट हे कळलं की तो शेतकरी आम्ही त्याच दिवशी गाठतो.

पेमेंट माल उतरल्यापासून सात दिवसांत गटाच्या खात्यात, तिथून दोन दिवसांत शेतकऱ्याच्या खात्यात. इथे उधारी लांबली तर बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी गट टिकत नाही, म्हणून यात सूट मागू नका ही विनंती.

गाडी 19 फुटी आयशर, सावदा-फैजपूरहून तुमच्या गेटपर्यंत दोन तासांच्या आत. एप्रिल-मेमध्ये पहाटे भरून ऊन चढायच्या आत उतरवू. भाडं आमचं, उतराई तुमची. आमच्याकडे 1,000 क्रेट आहेत, आणखी 500 लागतील, ते तुम्ही डिपॉझिटवर द्यावेत. थंडीत माल राहिला तर 13 डिग्रीच्या खाली ठेवू नका, साल काळी पडते आणि दोष आमच्या मालावर येतो.

फवारणीची वही प्रत्येक बागेची आहे, करप्यासाठी काय मारलं, कधी मारलं, शेवटची फवारणी आणि कापणी यात लेबलवर लिहिलेले दिवस गेले की नाही, सगळं त्यात आहे. रेसिड्यू टेस्ट तीन महिन्यांतून एकदा, लॅब तुम्ही ठरवा, खर्च अर्धा-अर्धा.

सुरुवात ट्रायलने करू. मेच्या पहिल्या आठवड्यात एक आणि दोन नंबरचे प्रत्येकी दहा क्रेट बिनपैशाने पाठवतो, दोन वेगवेगळ्या रिबिनींचे. तळून बघा, रंग, तेल किती पितं, साल-गराचा उतारा किती बसतो ते लिहून ठेवा आणि आम्हाला पण सांगा, म्हणजे कापायचे दिवस पुढे-मागे करता येतील. पसंत पडलं तर जूनपासून तीन महिन्यांचा करार आणि मग वर्षाचा.

त्याआधी तुमचे क्वालिटीवाले एकदा बागेत यावेत अशी फार इच्छा आहे. कटणी सकाळी सहाला सुरू होते, त्यामुळे आदल्या रात्री मुक्कामाला आले तर उत्तम, जेवणाची सोय गटाकडे. कोणता दिवस जमेल ते शुक्रवारपर्यंत कळवा, त्या दिवसाची कटणी त्याप्रमाणे लावून ठेवतो.

आपला,
सचिव, केळी उत्पादक शेतकरी गट
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव

सोबत : सभासद व क्षेत्राची यादी, ठरावाची प्रत, मागच्या सीझनच्या रिबीन वहीची चार पानं, फवारणी वहीचा नमुना