ओलावा मीटरच्या विक्री-फोनची स्क्रिप्ट: काय बदलायचं

लातूर, उदगीर, औसा इथल्या सोयाबीन घेणाऱ्या आडतदारांसाठी तुम्ही लिहिलेली स्क्रिप्ट वाचली. यादी नेमकी आहे, मीटरही कामाचं आहे. फोन मात्र पहिल्या दहा सेकंदांतच कट होईल.

सुरुवात अशी आहे: "नमस्कार सर, कसे आहात? आमची कंपनी दर्जेदार उपकरणे पुरवते. दोन मिनिटं आहेत का?" अनोळखी माणसानं खुशाली विचारली की विक्रीचा फोन आहे हे शेठला लगेच कळतं. वर "आहेत का" म्हटल्यावर "नाही" हे सोपं उत्तर तुम्हीच हातात देता. सोयाबीनचं तर नावच नाही. आपलं आणि फर्मचं नाव सांगून थेट म्हणा: "शेठ, ओलावा मीटर विकतो, त्यासाठीच फोन केलाय. सोयाबीन घेताना ओलावा मीटरवर बघता की दाणा दातानं फोडून?" याचं उत्तर देणं त्यांना सोपं जातं आणि पुढचं बोलणं त्यावरच ठरतं. सकाळी 11 ची वेळही बदला. सौदा सुरू असताना कोण ऐकणार? मापं उरकल्यावर, दुपारी फोन करा.

"आजच बुक केलं तरच सूट" हे वाक्य काढाच. रोज भाव करणाऱ्या माणसाला ते पटत नाही. आठ दिवसांनी तोच दर दिसला तर तुमचं खरं बोलणंही खोटं वाटेल. त्याऐवजी: "गुरुवारी आमचा माणूस मोंढ्यात येतोय, तुमच्याच पोत्यातला नमुना तपासून दाखवेल. पटलं तर बोलू." स्पष्ट "नको" आलं की आभार मानून नंबर यादीतून काढा, तुमच्या स्क्रिप्टमध्ये तीनदा आग्रह आहे. साध्या मोबाइलवरून असे प्रचाराचे फोन करू नका: नोंदणी करून 140 ची मालिका घ्या आणि डीएनडीची यादी तपासा.

सगळ्यात मोठी उणीव हरकतींची. त्यांना एकही उत्तर नाही.

"साडेआठ हजार महाग आहेत." हिशेब सांगा: "14 टक्के ओलाव्याचा माल 12 चा समजून घेतला तर वाळल्यावर 100 क्विंटलमागे साधारण सव्वादोन क्विंटल घटतात. 4,500 च्या भावानं ते दहा हजारांवर जातात." आकडे पाठ असू द्या, कागदावरून वाचल्याचं लगेच कळतं.

"व्हॉट्सॲपवर पाठवा." एक फोटो आणि किंमत पाठवा, पण "परवा दुपारी विचारू का?" एवढं ठरवूनच फोन ठेवा.

"तुमचं मीटर नि मिलचं मीटर जुळत नाही." ही हरकत खरी आहे, उडवून लावू नका. उन्हात तापलेलं धान्य, नमुन्याचं कमी-जास्त वजन, चुकीचं पीक निवडणं, कॅलिब्रेशन न होणं, यानं आकडा सरकतो. "जुळेलच" असं वचन देऊ नका. म्हणा: "एकच नमुना नीट कालवून दोन्हीवर तीन-तीनदा मोजू. फरक राहिला तर मिलच्या लॅबमधल्या ओव्हनच्या आकड्याशी ताडून मीटरचं कॅलिब्रेशन करून देऊ." ही सेवा तुम्ही खरंच देणार असाल तरच हे वाक्य ठेवा.

पहिले 20 फोन औशाच्या यादीवर करा आणि प्रत्येक फोन कोणत्या वाक्यावर तुटला ते वहीत लिहा.