विषय: नर्सिंगच्या डिग्रीच्या कागदांचं जर्मन ट्रान्सलेशन, फी आणि किती दिवस लागतील

नमस्कार मॅडम,

मी सुजाता कदम, काल दुपारी तुम्हाला फोन केला होता, करी रोडला राहते ती नर्स. तुम्ही म्हणालात आधी कागदांचे फोटो मेल करा मग बघून सांगते, म्हणून सोबत १८ फोटो जोडलेत. बी.एस्सी. नर्सिंगची डिग्री पुढून-मागून, चारही वर्षांच्या मार्कशीट पुढून-मागून, कॉलेजने दिलेली तासांची ट्रान्स्क्रिप्ट ५ पानी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नाचं सर्टिफिकेट. दाखला पूर्ण मराठीत आहे, बाकीचं बहुतेक इंग्लिश आहे पण गोल शिक्के आणि काही ठिकाणी सह्यांखालची पदं मराठीत आहेत.

फोटो मोबाईलवर काढलेत, नाईट संपवून आल्यावर सकाळी खिडकीशी धरून, त्यामुळे उजेड बरा आहे. फक्त डिग्रीचा फोटो बघून तुम्हाला अडचण येईल असं वाटतंय कारण ती लॅमिनेट केलेली आहे आणि डाव्या कोपऱ्यात चमक येते. पपांनी डिग्री घरी आली त्याच दिवशी स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन लॅमिनेट करून आणली होती, आमच्या घरातली पहिली डिग्री, पावसाळ्यात भिंतीला ओल येते म्हणून खराब होऊ नये हा त्यांचा विचार, आणि खरंच आजपर्यंत तिला काही झालेलं नाही. पण आता लॅमिनेशन काढायला गेलं तर कागद फाटेल म्हणून मी हात लावलेला नाही. तीन वेगवेगळ्या कोनातून फोटो काढून त्यातला सगळ्यात स्पष्ट पाठवलाय, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा शिक्का आणि नंबर त्यात वाचता येतोय. हा चालेल का, की ओरिजिनल घेऊन ऑफिसला यायला लागेल? आणि फोटोवरून ट्रान्सलेशन केलं तर ट्रान्सलेटर खाली 'कॉपीवरून केलं' असं लिहितात म्हणे, तसं असेल तर मला ओरिजिनल दाखवूनच करायचंय, तिकडे त्यावरून कागद परत यायला नकोत. माझ्याबरोबरच्या एका सिस्टरचे कागद असेच परत आले होते, तिच्या ट्रान्सलेशनमध्ये मार्कशीटच्या मागच्या बाजूचा मजकूर आणि शिक्के सोडूनच दिले होते, तिचे चार महिने गेले त्यात. म्हणून माझ्या कागदांवरचा प्रत्येक शिक्का, मागच्या बाजूच्या ग्रेडच्या सूचना, हाताने लिहिलेला नंबर, सगळं यायला हवं. टक्के आणि 'फर्स्ट क्लास' आहेत तसेच ठेवा, जर्मन ग्रेडमध्ये बदलू नका, ते काम तिकडच्या मान्यता देणाऱ्या ऑफिसचं आहे.

आता सगळ्यात मोठा प्रश्न नावाचा, तो नीट सांगते. मार्कशीटवर आपल्याकडे लिहितात तसं आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडलांचं आणि शेवटी आईचं, म्हणजे शिंदे सुजाता विलास मंगल. डिग्रीवर आईचं नाव नाही. दाखल्यावर मराठीत शिंदे सुजाता विलास. दुसऱ्या वर्षाच्या मार्कशीटवर इंग्लिशमध्ये सुजाताच्या टी नंतर एक एच जास्त पडलाय. आणि पासपोर्टवर लग्नानंतरचं, सुजाता अमोल कदम. तिकडच्या माणसाला हे चार कागद चार वेगळ्या बायकांचे वाटतील! हॉस्पिटलच्या जर्मन कोऑर्डिनेटरने तर 'विलास मंगल हे तुमचं आडनाव का' असं विचारलं होतं. म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट जोडलंय, त्यात दोन्ही नावं आहेत. ट्रान्सलेटर तळटीप देऊ शकतात का, की यात पहिलं आडनाव आहे, तिसरं वडलांचं आणि चौथं आईचं? एच वाली चूक तुम्ही परस्पर सुधारू नका, जसं छापलंय तसंच हवं, फक्त टीप पाहिजे. मराठी दाखल्यावरचं नाव आयएसओच्या नियमाने टिंब-रेघा लावून लिहिणार असाल तर बाजूला डिग्रीवरचं स्पेलिंगपण द्या, नाहीतर पाचवं नाव तयार होईल.

ट्रान्सलेटर कोण असणार हेपण कळवा. मला सांगितलंय की जर्मनीतल्या कोर्टात शपथ घेतलेलाच ट्रान्सलेटर पाहिजे, नुसता एजन्सीचा शिक्का चालणार नाही. फोनवर तुम्ही म्हणालात तुमच्याकडे तसे आहेत. नाव दिलंत तर मी justiz-dolmetscher.de वर बघून घेईन, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही पण मला हे एकदाच आणि बरोबर करायचंय. अपॉस्टिल मी केलेलं नाही, एक एजंट मागे लागला होता पण भारत २००५ ला त्या करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप घेतलाय, त्यामुळे आपलं अपॉस्टिल जर्मनीसाठी चालत नाही. म्हणजे कागदांच्या मागे तो शिक्का दिसणार नाही, फोटो राहिला असं समजू नका.

फी तुम्ही पानावर घेता की ओळीवर? जर्मनीत ५५ अक्षरांची एक ओळ धरून मोजतात असं ऐकलंय, तसं असेल तर मूळ कागदाच्या ओळी मोजणार की जर्मनच्या, कारण जर्मन मजकूर लांबतो आणि ट्रान्स्क्रिप्टमध्ये नुसते तक्ते आहेत. चारही मार्कशीटचा मागचा मजकूर शब्दन् शब्द सारखा आहे, त्याचे चार वेळा पैसे लागतील का? १८ टक्के जीएसटी धरून, जर्मनीहून कुरियर धरून, आणि शिक्क्याचे दोन सेट हवे असतील तर दुसऱ्या सेटचे किती, असा एकच पूर्ण आकडा दिलात तर बरं होईल, मला सोसायटीतून कर्ज काढायचंय आणि तिथे कोटेशन दाखवावं लागतं. ॲडव्हान्स किती ते पण लिहा.

दिवसांचं म्हणाल तर हॉस्पिटलने २० सप्टेंबरपर्यंत पीडीएफ मागितलीय, हार्ड कॉपी महिनाअखेरीस चालेल. मध्ये गणपती आहेत, त्या दहा दिवसात आमच्या भागातून बाहेर पडणं अवघड असतं आणि माझ्या ड्युट्यापण वाढतात, तुमचं ऑफिस चालू आहे ना तेव्हा? ओरिजिनल दाखवायचे असतील तर मी गणपतीच्या आधीच नाईट संपवून सकाळी ११ पर्यंत फोर्टला येऊ शकते. घाईचे जास्त पैसे असतील तर ते वेगळे सांगा. सगळं एकदम होत नसेल तर डिग्री, ट्रान्स्क्रिप्ट आणि रजिस्ट्रेशन आधी करा, दाखला मागून आला तरी निभेल.

अजून एक, शिक्का मारायच्या आधी मला ड्राफ्ट वाचायला मिळेल का? मी मॅक्सम्युलर भवनात बी-टू पास झालेय, विषयांची नावं आणि वॉर्डातल्या पोस्टिंगचे तास मी स्वतः ताडून बघेन, दोन दिवसात परत करते.

कुठला फोटो वाचता येत नसेल तर व्हॉट्सॲपवर फक्त त्याचा नंबर टाका, मी सकाळी परत काढून पाठवते. फोन दुपारी ४ नंतर करा प्लीज, त्याआधी झोपलेली असते.

तुमची,
सुजाता अमोल कदम
(लग्नाआधीचं नाव सुजाता विलास शिंदे)
करी रोड, मुंबई